परदेशी विद्यापीठाने काढून टाकलं तर अपील कसं करायचं: आजारपणाचे पुरावे आणि पुढचा आराखडा

२० डिसेंबर २०२२ ला मी अमळनेरला घरी होतो. सुट्टीसाठी आलो होतो आणि परतीचं तिकीट ८ जानेवारीचं होतं. रात्री विद्यापीठाचा ईमेल आला: सलग दोन सेमिस्टर जीपीए ३.० च्या खाली असल्यामुळे तुम्हाला मास्टर्सच्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात येत आहे. आई शेजारीच बसलेली होती. तिने विचारलं, "काय व्हयनं रे?" मी काहीच सांगितलं नाही आणि पुढचे चोवीस तास फुकट घालवले.

तसा वेळ तुमचा जाऊ नये म्हणून मी कोणत्या क्रमाने काय केलं ते लिहितो आहे. सगळं अमेरिकेतल्या एफ-१ व्हिसावरच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला धरून लिहिलं आहे. इतर देशांत व्हिसाचे नियम वेगळे असतात, पण पुराव्यांचा आणि आराखड्याचा भाग तिथेही बराचसा असाच लागतो.

## १. पत्र तीनदा वाचा आणि मुदत लेखी विचारा

पत्रातून तीन गोष्टी शोधून काढा. काढून टाकण्याचं नेमकं कारण काय, अपील कोणाकडे करायचं (डीन, ग्रॅज्युएट स्कूल की समिती), आणि मुदत किती. माझ्या पत्रात "दहा कामकाजाचे दिवस" असं लिहिलं होतं. आपल्या कॅलेंडरने मोजलं तर मुदत ३ जानेवारीला संपत होती. पण नाताळपासून २ जानेवारीपर्यंत विद्यापीठ बंद होतं. हे दिवस धरायचे की नाहीत, असं मी दुसऱ्या दिवशी दोन ओळींत विचारलं. उत्तर आलं की धरायचे नाहीत, मुदत ११ जानेवारी संध्याकाळी ५ पर्यंत. त्या एका ईमेलने आठ दिवस वाढले. उत्तर आलं नसतं तर मी ३ जानेवारीच धरून चाललो असतो, आणि तुम्हीही तसंच करा.

घड्याळाचाही घोळ होतो. अमेरिकेच्या मध्य भागात हिवाळ्यात संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार झालेले असतात. शेवटच्या रात्री अपलोड करू नका. गावाकडे नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. मी दोन दिवस आधी सगळं पाठवलं आणि पोहोच मागून घेतली.

आणखी एक गोष्ट. वडिलांना, काकांना किंवा ओळखीच्या कोणाला विद्यापीठात फोन करायला लावू नका. तिकडच्या खाजगीपणाच्या कायद्यामुळे तुमच्या लेखी परवानगीशिवाय ते पालकांशीही तुमच्या गुणांबद्दल बोलत नाहीत. उलट "हा स्वतःचं स्वतः पाहू शकत नाही" अशी समजूत होते.

## २. त्याच दिवशी डीएसओला लिहा

डीएसओ म्हणजे विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातली व्यक्ती. सरकारच्या सेव्हिस या प्रणालीतली तुमची नोंद तिच्या हातात असते. ॲकॅडमिक अपील आणि व्हिसाची स्थिती ही दोन वेगळी चाकं आहेत. अपील जिंकलं आणि मधल्या काळात सेव्हिसची नोंद बंद झाली, असं होऊ शकतं. म्हणून तिला सरळ विचारा:

- अपिलाचा निर्णय होईपर्यंत माझी नोंद चालू ठेवता येईल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत?
- बंद करावी लागली तर कोणत्या कारणाखाली कराल?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. परवानगी घेऊन अभ्यासक्रम सोडला अशी नोंद झाली तर अमेरिकेत असलेल्या विद्यार्थ्याला देश सोडायला १५ दिवस मिळतात. नियम पाळले नाहीत म्हणून नोंद बंद झाली तर सवलतीचा एकही दिवस मिळत नाही. तुम्ही सध्या तिकडेच असाल तर हा प्रश्न अपिलाच्याही आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत कॅम्पसवरचं कामही डीएसओला विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. मी भारतात होतो, त्यामुळे मला एवढंच कळलं की नोंद बंद झाली तर जुन्या आय-२० वर परत शिरता येणार नाही. ८ तारखेचं तिकीट मी लगेच पुढे ढकललं.

## ३. आधी गणित मांडा

बहुतेक जण थेट पत्र लिहायला बसतात. त्याआधी कागदावर जीपीए मांडा, कारण समितीचा पहिला प्रश्न असतो: परत घेतलं तर हा विद्यार्थी ३.० पर्यंत पोहोचू शकतो का?

माझे सगळे विषय तीन-तीन क्रेडिटचे होते. पहिल्या सेमिस्टरला ए, बी, बी, म्हणजे ४, ३, ३. दुसऱ्याला बी, सी, एफ, म्हणजे ३, २, ०. तिसऱ्यालाही बी, सी, एफ. नऊ विषयांचे मिळून २० गुण, २० भागिले ९ म्हणजे २.२२. पुढच्या सगळ्या विषयांत ए मिळाला असं धरलं तरी ३.० गाठायला सात विषय लागत होते. पदवी होती दहा विषयांची. म्हणजे नुसतं "परत घ्या" म्हणून उपयोगच नव्हता. त्यांनी घेतलं असतं तरी मी एका सेमिस्टरमध्ये पुन्हा बाहेर पडलो असतो.

मार्ग दोन नियमांत सापडला. पहिला, मेडिकल विथड्रॉअल पूर्वलक्षी पद्धतीने मिळू शकतो. आजारपण सिद्ध झालं तर झालेल्या सेमिस्टरचे गुण पुसून त्या जागी डब्ल्यू लागतो आणि तो जीपीएत धरत नाहीत. दुसरा, नापास विषय पुन्हा घेतला तर नवा गुण जुन्याच्या जागी बसतो. तिसरं सेमिस्टर डब्ल्यू झालं तर सहा विषयांचे १५ गुण उरतात, म्हणजे २.५. दुसऱ्या सेमिस्टरचा एफ पुन्हा घेऊन बी मिळवला तर १८ भागिले ६, बरोबर ३.०. एका विषयातला एक बी. हे मला जमण्यासारखं होतं.

हे दोन्ही नियम सगळीकडे नसतात. काही विद्यापीठं जुना आणि नवा असे दोन्ही गुण सरासरीत धरतात. तसं असतं तर माझा आकडा १८ भागिले ७, म्हणजे २.५७ वर अडकला असता. तुमच्या कॅटलॉगमध्ये तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीचा नियम पाहा. आणि विथड्रॉअलचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. तो अपिलाच्या पत्रात नुसता मागून मिळत नाही.

## ४. वैद्यकीय पुरावा: सगळा जीव तारखांत आहे

मी २३ डिसेंबरला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ऑगस्टपासून मला झोप नव्हती, सात किलो वजन उतरलं होतं, आणि ऑक्टोबरपासून मी खोलीबाहेर जवळजवळ पडतच नव्हतो. आई म्हणत होती, "नजर लागनी व्हई पोरले." ती मायेने म्हणत होती. पण त्या समजुतीमुळे डॉक्टरकडे जाणं चार महिने लांबलं, आणि मीही तिकडे असताना याला आजार मानलं नव्हतं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून ती कारणं बाजूला केली आणि डिप्रेशनचं निदान केलं. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात, वीस किंवा त्याहून जास्त आले तर आजार तीव्र समजतात. माझे १९ आले.

अडचण अशी की सेमिस्टर संपल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलो. गुण गेल्यावर आजार आठवला, अशी शंका समितीला येणारच. नातेवाइकांतल्या एकाने सुचवलं, "ओळखीचे डॉक्टर आहेत, सप्टेंबरची तारीख टाकून देतील." हे कधीही करू नका. सप्टेंबरमध्ये तुम्ही अमेरिकेत होता हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिसतं, समिती पत्रावरच्या नंबरवर फोन करू शकते, आणि खोटा कागद सापडला तर प्रकरण गुणांचं राहत नाही, बनावट कागदपत्रांचं होतं. त्यातून परत येण्याचा रस्ता जवळपास नाही.

माझ्या डॉक्टरांनी जे खरं होतं तेच नीट लिहिलं. पत्रात या गोष्टी होत्या, आणि तुम्हीही याच मागा:

- लेटरहेड, सही, शिक्का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, संपर्काचा ईमेल.
- पहिल्या भेटीची खरी तारीख आणि पुढच्या भेटींच्या तारखा.
- निदान, आणि लक्षणं कधीपासून आहेत. इथे "रुग्णाने सांगितलेल्या माहितीनुसार ऑगस्ट २०२२ पासून, आणि आजच्या तपासणीशी ते सुसंगत आहे" अशी भाषा.
- कामावर काय परिणाम झाला: झोप, एकाग्रता, वर्गात जाणं, वेळेत काम देणं.
- आता काय उपचार चालू आहेत, प्रतिसाद कसा आहे, आणि विद्यार्थी पूर्णवेळ अभ्यासाला केव्हा योग्य होईल.

चौथा मुद्दा डॉक्टर बहुधा विसरतात. "हा डिप्रेशनचा रुग्ण आहे" एवढ्याने समितीला काही कळत नाही. आजाराने अभ्यासाचं नेमकं काय मोडलं ते तिला हवं असतं. औषधांची सगळी यादी किंवा घरातल्या खासगी गोष्टी मात्र पत्रात नकोत.

डॉक्टरांच्या पत्रात जी पोकळी राहते ती त्या काळातल्या कागदांनी भरा. मला हे सापडलं: ऑक्टोबरमध्ये झोप येत नाही म्हणून कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात गेलो होतो, तिथली नोंद, वजनासकट. ४ ऑक्टोबरला प्राध्यापकांना मुदतवाढ मागणारा ईमेल. समुपदेशन केंद्रात घेतलेली आणि न गेलेली अपॉइंटमेंट. असाइनमेंट जमा केल्याच्या तारखांची यादी, जी सप्टेंबरच्या शेवटी अचानक तुटते. रूममेटचं अर्ध्या पानाचं सहीचं निवेदन, त्याने स्वतः पाहिलं तेवढंच. आरोग्य केंद्राची नोंद घरबसल्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळते. विद्यापीठाचं लॉगिन बंद होण्याआधी ती उतरवून घ्या.

दुसऱ्या सेमिस्टरच्या एफसाठी माझ्याकडे असा एकही कागद नव्हता. तेव्हा मी आजारी नव्हतो, पूर्वतयारी नसलेला विषय हट्टाने घेतला होता. डॉक्टरांना मी ते सांगितलं आणि विथड्रॉअल फक्त तिसऱ्या सेमिस्टरचा मागितला. जेवढा पुरावा, तेवढीच मागणी. दोन्ही मागितले असते तर खऱ्या सेमिस्टरवरचाही विश्वास उडाला असता, असं मला आजही वाटतं.

## ५. अपिलाचं पत्र: दीड पान

कन्सल्टन्सीवाले तयार मसुदा देतात. समित्यांनी तशी वाक्यं शेकड्याने वाचलेली असतात. स्वतः लिहा, आणि या क्रमाने लिहा: काय मागतो, काय झालं, त्यात माझी चूक कोणती, आता काय बदललं, पुढे काय करणार.

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "माझ्या वडिलांनी शेत तारण ठेवून कर्ज काढलं आहे, कृपया माझ्या भविष्याचा विचार करा." प्रत्येक शब्द खरा होता. पण समितीला निर्णय ज्यावर घ्यायचा असतो त्यात ते बसत नाही. त्याच्या जागी हे आलं: "२६ सप्टेंबरनंतर मी तीनपैकी दोन विषयांत एकही असाइनमेंट दिली नाही (जोडपत्र ४). १२ ऑक्टोबरला मी आरोग्य केंद्रात गेलो (जोडपत्र २), पण समुपदेशन केंद्राची भेट चुकवली. मदत उपलब्ध होती आणि मी ती घेतली नाही." चूक अशी तारखेसकट कबूल केली की पुढचं म्हणणं वजनदार होतं.

प्राध्यापकांवर किंवा गुण देण्याच्या पद्धतीवर या पत्रात टीका करू नका. गुण चुकले असतील तर त्यासाठी तक्रारीची वेगळी वाट असते.

## ६. सुधारणेचा आराखडा, एका पानाचा

इथे मी जवळजवळ चुकलो होतो. मला जानेवारीतच परत जायचं होतं. ६ जानेवारीच्या भेटीत पीएचक्यू-९ चे गुण १९ वरून १४ वर आले होते, म्हणजे फरक पडत होता पण मी बरा नव्हतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला अनेक आठवडे लागतात, या अवस्थेत नऊ क्रेडिट घेतले तर तेच पुन्हा होईल. म्हणून अपिलात मी स्वतःच वसंत सेमिस्टरची रजा मागितली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये परतण्याची परवानगी मागितली. दोन आठवड्यांच्या उपचारावर "मी पूर्ण बरा आहे" असं लिहिलं असतं तर डॉक्टरांच्याच पत्राने मला खोटं पाडलं असतं.

आराखड्यात हे होतं. जानेवारी ते जून दर तीन आठवड्यांनी जळगावला तपासणी, आणि जूनच्या शेवटी तंदुरुस्तीचं नवं पत्र. ऑगस्टमध्ये परतल्यावर कॅम्पसवरच समुपदेशन, पहिली भेट वर्ग सुरू होण्याआधीच ठरवलेली. इकडचे डॉक्टर फोनवर पाहतील असं लिहू नका. तुम्ही तिकडे असताना उपचार करण्याचा परवाना त्यांच्याकडे नसतो, आणि समितीला ते माहीत असतं. परतल्यानंतरच्या पहिल्या सेमिस्टरला नापास झालेला विषय आणि दोन नवे, त्यापुढच्याला उरलेले दोन. परतल्यावर पहिलं सेमिस्टर कॅम्पसवरची नोकरी नाही. दर दोन आठवड्यांनी सल्लागार प्राध्यापकांची भेट.

शेवटी एक परिच्छेद होता: पुन्हा बिघडलं तर काय? मी लिहिलं की सलग दोन वर्ग चुकले किंवा पीएचक्यू-९ दहाच्या वर गेला तर ४८ तासांत समुपदेशक आणि डीएसओ दोघांना कळवीन आणि कमी क्रेडिटची वैद्यकीय परवानगी मागीन. ही परवानगी एफ-१ च्या नियमांत आहे. एका पदवी-पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते आणि दर सेमिस्टरला नव्याने घ्यावी लागते. ती विषय सोडण्याआधी घ्यायची असते, नंतर मागून मिळत नाही. आणि त्यासाठी डॉक्टरांचं किंवा परवानाधारक सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, साध्या समुपदेशकाचं नाही. मला हे तिसऱ्या सेमिस्टरला माहीत असतं तर अपिलाची वेळच आली नसती.

## ७. पाठवायचा संच

एकच पीडीएफ, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर जोडपत्रांची यादी: अपिलाचं पत्र, विथड्रॉअलचा अर्ज, डॉक्टरांचं पत्र, तपासणीचे रिपोर्ट, त्या काळातले कागद तारखेच्या क्रमाने, आराखडा, जीपीएचं गणित, सल्लागार प्राध्यापकांचं पत्र मिळालं तर तेही. मोबाइलवर काढलेले तिरके फोटो नकोत, झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घ्या. केस पेपरवर मराठीत काही लिहिलं असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

## ८. निर्णयानंतर

मला १८ जानेवारीला उत्तर आलं: तिसरं सेमिस्टर डब्ल्यू, ऑगस्टमध्ये सशर्त प्रवेश, दोन सेमिस्टर प्रत्येकी किमान ३.०, आणि जूनचं डॉक्टरांचं पत्र बंधनकारक. नकार आला तर पत्रात वरच्या पातळीच्या अपिलाचा उल्लेख आहे का ते पाहा. तिथे बहुधा नवा पुरावा किंवा प्रक्रियेतली चूक एवढंच ऐकतात. जुनंच पत्र पुन्हा पाठवून काही होत नाही.

पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यामुळे मला नवं आय-२० घ्यावं लागलं, सेव्हिसचे ३५० डॉलर पुन्हा भरावे लागले आणि नव्या व्हिसासाठी मुलाखत द्यावी लागली. अधिकाऱ्यांनी मधला खंड विचारला. मी सांगितलं, आजारी होतो, उपचार घेतले, हे विद्यापीठाचं पत्र. त्यापुढे प्रश्न आला नाही. नव्या सेव्हिस नोंदीमुळे नोकरीच्या परवानग्यांसाठी लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जाऊ शकतं, ते डीएसओकडून आधीच समजून घ्या.

बँकेलाही रजेचं पत्र आणि परतीची तारीख लेखी कळवा. अभ्यासक्रम संपला असं तिने धरलं तर हप्ते लवकर सुरू होतात. मी फेब्रुवारीत शाखेत जाऊन पोहोच घेतली आणि नवा अंतिम दिनांक फाईलला लावून घेतला.

औषधं नेताना मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिने पुरतील एवढीच न्या. जूनमध्ये माझे पीएचक्यू-९ चे गुण ५ होते, आणि तो कागद मी हातातल्या बॅगेत ठेवला होता.